नेमके दोनच मासे आवडणारे किती?

मालवणात १०० जणांना विचारलं: सुरमई ६०, पापलेट ५०, बांगडा ४० जणांना आवडतो, तिन्ही १० जणांना. एकही न आवडणारा कोणी नाही (असता, तर आधी १०० मधून वजा करायचा).

बेरीज १५०. सुरमई-पापलेटसारख्या प्रत्येक जोडीतले दोन्ही मासे आवडणाऱ्यांची बेरीज ज धरली, तर १५० − ज + १० = १००, म्हणून ज = ६०.

घोटाळा इथेच होतो. तिन्ही आवडणारा माणूस सुरमई-पापलेट, पापलेट-बांगडा आणि सुरमई-बांगडा अशा तिन्ही जोड्यांत मोजला जातो. त्यामुळे १० एकदा नव्हे, तीनदा वजा करा: ६० − ३० = ३०. एकदाच वजा केल्यास चुकीचं ५० येतं.

पडताळा जरूर घ्या: फक्त एकच आवडणारे १०० − ३० − १० = ६०; आणि ६० + २×३० + ३×१० = १५०. प्रश्नात ‘किमान दोन’ असेल, तर मात्र उत्तर ४०.