पीएस ५ ला एक्स्टर्नल ड्राइव्ह चालेना, तेव्हा

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा नागपूरला आला आणि पीएस ५ ची जागा संपली. घरातली १ टीबीची जुनी हार्ड डिस्क लावली, तर कन्सोल तिला एक्स्टर्नल स्टोरेज म्हणून घेईचना. किमान २५० जीबी आणि कमाल ८ टीबी लागते, म्हणजे साइज ठीक होता. "मामा, फॉरमॅट करून बघा ना," भाचा म्हणाला. पण तो पर्यायच येत नव्हता.

दोष केबलचा निघाला. डिस्कचं सॉकेट रुंद, दोन खणांचं. मी त्यातल्या मोठ्या खणात मोबाइलची जुनी केबल खोचली होती. ती बसते, दिवाही लागतो, पण वेग यूएसबी २.० चाच मिळतो. कन्सोलला ५ जीबीपीएस हवा. सीताबर्डीहून दोन्ही खण भरणारी ३.० केबल आणली आणि ती मागच्या पोर्टमध्ये थेट लावली, कारण हब चालत नाही आणि पुढचा चौकोनी पोर्टही संथच आहे.

मग `Settings > Storage > USB Extended Storage` मध्ये फॉरमॅटचा पर्याय दिसला. त्याआधी लग्नाचे फोटो लॅपटॉपवर उतरवले, कारण डिस्क पूर्ण पुसली जाते. आता पीएस ४ चे गेम तिच्यावरूनच चालतात. पीएस ५ चे फक्त ठेवता येतात, खेळताना आत हलवावे लागतात.