मधुमेहाच्या पायांसाठी चप्पल-बूट आणि मोजे कसे निवडावेत

नाशिकमध्ये मधुमेहींचे पाय तपासायचं आणि मापं घ्यायचं काम मी करते. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या पायाची जखम ही नव्या, चांगल्या, महागड्या बुटाने केलेली असते. बूट वाईट नसतो, तो पायात कसा बसतो हे बघणारं कुणी नसतं. दुकानदार विचारतो, ‘काका, कसं वाटतंय?’ आणि काका सांगतात, ‘एकदम फिट.’ ज्या पायाला नीट कळत नाही त्यालाच आपण कौल लावतो.

म्हणून आधी पायाला किती कळतंय ते बघा. डॉक्टर नायलॉनच्या बारीक तारेने तपासतात, ती तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवी. घरी एवढं करता येतं: माणसाला डोळे मिटून झोपवा आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपलं बोट एक-दोन सेकंद अलगद टेकवा. दाबू नका, टोचू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पायाची जाणीव कमी झाली आहे असं धरा आणि पुढचं सगळं काटेकोरपणे करा. पायाला जखम असेल, बोट काळं पडलं असेल किंवा एकच पाय गरम होऊन सुजला असेल, तर दुकानात जाऊच नका, आधी डॉक्टरांकडे जा.

माप संध्याकाळी, उभं राहून

दिवसभरात पाय थोडा सुजतो, म्हणून माप संध्याकाळी घ्यायचं. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा जमिनीवर ठेवा, त्यावर पूर्ण वजन देऊन उभं करा आणि पेन्सिल सरळ उभी धरून कडेने रेघ मारा. दोन्ही पायांची. मग रेघेवर पुठ्ठा कापा. दुकानात हा पुठ्ठा न्यायचा, नंबर विसरायचा. एका कंपनीचा आठ नंबर दुसऱ्या कंपनीच्या आठ नंबरसारखा नसतो.

खरा अवघड टप्पा: बसतो की नाही, हे कसं ठरवायचं

हा टप्पा मलाही सुरुवातीला फार अवघड गेला, कारण समोरचा माणूस खोटं बोलत नसतो. जाणीव कमी झालेल्या पायाला बरोबर मापाचा बूट सैल वाटतो. पायात काही आहे हे कळण्यासाठी त्याला थोडं आवळलेलं लागतं. त्यामुळे तो माणूस स्वतःहून एक नंबर लहान निवडतो, आणि ‘थोडा घट्टच घे, वापरून सैल होतो’ हा घरोघरी मिळणारा सल्ला त्यात भर घालतो. ज्याला दुखतं त्याच्या बाबतीत ते चालून जातं, कारण दुखलं की तो बूट काढतो. हे काका तो बूट दिवसभर घालून फिरतात आणि रात्री मोज्यावर डाग दिसतो तेव्हा घरच्यांना कळतं.

सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांचं उदाहरण देते. उजवा पाय २५.८ सेंटिमीटर लांब, डावा २५.३. बोटांच्या मुळाशी, जिथे पाय सगळ्यात रुंद असतो, तिथे १०.६ सेंटिमीटर. वर्षानुवर्षं ते आठ नंबर घालत होते. मी त्यांच्या बुटातला आतला तळवा बाहेर काढला आणि त्यावर पुठ्ठा ठेवला. तळव्याची लांबी २६.४, म्हणजे पुढे जेमतेम अर्धा सेंटिमीटर मोकळा. रुंदी ९.४, म्हणजे पुठ्ठा दोन्ही कडांनी बाहेर येत होता. करंगळीच्या बाजूला घट्टा पडला होता, तो तिथूनच आला होता.

घरच्यांनी मग नऊ नंबर आणला. लांबी जमली, पण रुंदी तरी कुठे वाढली? जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. आता टाच मागे वर-खाली सरकायला लागली आणि पुढे करंगळी तशीच दाबलेली. अरुंद बुटावर मोठा नंबर हा उपाय नाही. त्यांना लागला रुंद ठेवणीचा, पुढून पूर्ण उघडणारा, मागे पट्टा असलेला वेल्क्रोचा सँडल.

तेव्हा नियम असा धरा. मोठ्या पायाचा पुठ्ठा आतल्या तळव्यावर टाचेला टेकवून ठेवा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे एक ते दीड सेंटिमीटर, म्हणजे साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे आणि दोन्ही कडांना पुठ्ठा बाहेर डोकावता कामा नये. तळवा निघत नसेल तर पुठ्ठा आत सरकवा, कडा वर वळल्या की बूट अरुंद. बोटं वाकडी झाली असतील तर उंचीही बघा: पाय आत असताना वरचं कापड बोटांच्या सांध्यावर ताणलेलं दिसलं, तर तो सांधा सोलणारच.

मग हात आत घाला. खरोखर घाला, सगळीकडे बोटं फिरवा. शिवण, गाठ, लेबलची टोकदार कड, जे तुमच्या बोटाला जाणवेल ते त्या पायाला जखम करील. तळ टाच आणि पंजा धरून वाकवून बघा. तो बोटांपाशी वाकावा, मधोमध नाही, आणि पंचा पिळावा तसा पिळला जाऊ नये. आतला थर एमसीआरचा, म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा, चांगला. अंगठ्याने दाबा, सोडल्यावर तो परत वर आला पाहिजे. वापरून टाचेखाली खड्डा पडला आणि भरेनासा झाला की तो बदलायचा. नुसता लिबलिबीत स्पंज काही उपयोगाचा नाही, वजन पडताच तो चपटा होतो आणि पाय खालच्या कडक तळावरच येतो.

तीन गोष्टी मात्र घेऊच नका. अंगठ्याची चप्पल, कारण तिचा पट्टा बोटांच्या बेचक्यात कापतो आणि ती पायातून निसटली तरी कळत नाही. काटेरी उंचवट्यांची ॲक्युप्रेशर चप्पल, कारण सुन्न पायाला त्या उंचवट्यांचा दाब कळत नाही, पण कातडीवर तो पडतच असतो. आणि केवळ खोक्यावर ‘डायबेटिक’ लिहिलंय म्हणून घेतलेली कुठलीही वस्तू. दुरुस्तीला दिलीत तर शिवून किंवा चिकटवून घ्या, तळात खिळा मारू देऊ नका.

विकत घेतल्यावर काम संपत नाही. पहिल्या दिवशी मोजे घालून घरातच अर्धा-पाऊण तास वापरायचं आणि काढून पाय बघायचे. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, हे पुस्तकी सल्ल्यात कुणी सांगत नाही. म्हणून हाताच्या पाठीने चाचपा: करंगळीची कड, अंगठ्याचा सांधा, टाचेची मागची बाजू. एक जागा बाकीच्यांपेक्षा गरम, चकचकीत किंवा कडक लागली आणि वीस मिनिटांनीही तशीच राहिली, तर बूट परत करा. सैल होईल म्हणून वाट बघू नका. ठीक असेल तर रोज तासभर वाढवत न्या. त्या काकांच्या सँडलचा मागचा पट्टा तिसऱ्या दिवशी टाचेला गरम डाग पाडत होता. पट्ट्याच्या आत मऊ अस्तर शिवून घेतल्यावर डाग पडायचा थांबला.

मोजे

पांढरे किंवा फिकट, सुती किंवा सुती-मिश्र, वर घट्ट इलॅस्टिक नसलेले. पांढरे अशासाठी, की रक्त-पू लगेच दिसावा. बोटांपाशी जाड शिवण असेल तर उलटे घाला. काढल्यावर पिंढरीवर खोल वळ दिसला तर ते मोजे बाद. रफू केलेले नकोत. पावसाळ्यात एक कोरडा जोड पिशवीत ठेवा. बूट घेताना हेच मोजे घालून बघा, जाड मोज्यांनी बरोबर मापाचा बूटही घट्ट होतो.

घरात आणि देवळात

‘घरात कशाला चप्पल?’ हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. स्वयंपाकघरात फुटलेल्या कपाची कपची, शिवणाची सुई, पलंगाचा पाय हे सगळं घरातच असतं. मधुमेहात नसांवर परिणाम झाला की पायाला घाम कमी येतो, कातडी कोरडी पडते, टाचेला भेगा पडतात, आणि त्याच भेगांतून जंतू आत जातात. अनवाणी चालल्याने रक्ताभिसरण सुधारतं, सकाळी गवतावर चाला, हे अशा पायाला सांगणं धोक्याचं आहे. घरासाठी वेगळा, मागे पट्टा असलेला, धुता येणारा जोड ठेवा. तो बाहेर न्यायचा नाही, मग सोवळ्याचा वादही येत नाही. रात्री उठताना तो पलंगाजवळच हवा आणि घालण्याआधी उलटा करून झटकायचा.

देवळाचा धोका वेगळा आहे. काळाराम मंदिराचं आवार दगडी, त्र्यंबकेश्वरही काळ्या पाषाणाचं. चैत्र-वैशाखात दुपारी हा दगड इतका तापतो की ज्याला कळतं तो टुणटुण उड्या मारत सावली गाठतो. ज्याला कळत नाही तो रांगेत शांत उभा राहतो. संध्याकाळी तळव्याला पाण्याने भरलेला फोड दिसतो आणि मग विचारणा सुरू होते की हे कशाने झालं. रामकुंडावर पाय ओले होऊन कातडी मऊ पडते आणि खाली नारळाच्या करवंट्यांचे तुकडे असतात. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणं किंवा श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी जाणीव गेलेल्या पायाने अनवाणी करू नये, असं मी स्पष्ट सांगते. नवस असेल तर घरातल्या दुसऱ्याने चालावं, तुम्ही गाडीने जाऊन दर्शन घ्या.

देवळात जायचंच असेल तर ऊन चढायच्या आधी जा. जाड, धुतलेले पांढरे मोजे पिशवीतून न्या, चप्पल शक्य तितक्या जवळ काढा आणि मोजे घालून आत जा. हरकत घेतली तर बाहेरूनच मुखदर्शन घ्या. मोजा बारीक खडा अडवतो, तापलेला दगड किंवा काच अडवत नाही, तेव्हा दुपारी मोज्यांच्या भरवशावर जाऊ नका. बाहेर आल्यावर मोजे काढून तळवे बघा. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा किंवा नातवाला मोबाइलने फोटो काढायला सांगा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, त्यात तेल-क्रीम भरू नका.

फोड आला तर फोडू नका. हळद, चुना, टूथपेस्ट लावू नका, ‘कॉर्न कॅप’ची पट्टी चिकटवू नका आणि ब्लेडने घट्टा कापू नका. स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडी जाळीची पट्टी बांधून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही म्हणून उद्यावर ढकलू नका. जखम बरी होईपर्यंत त्या पायावर वजन शक्य तितकं कमी द्या आणि जखम बुटाने झाली असेल, तर तो बूटही दवाखान्यात सोबत न्या. आत हात घालून नेमकं काय लागलं ते आम्हाला बघता येतं.