एकाच नावाखाली दोन माणसे: फोनच्या गॅलरीत चेहरे लावताना या चुका टाळा

माझ्या आईने गेल्या दिवाळीनंतर मला फोन करून विचारले, “अरे, माईच्या नावावर टिचकी मारली की तुझ्या मुलीचे फोटो कसे काय येतात?” माई म्हणजे माझी मावशी. तिचे वय अडुसष्ट आणि माझी मुलगी नऊ वर्षांची. आईने फोन बिघडला असे गृहीत धरले होते. शेजारच्या मुलाने तिला ती सोयच बंद करून पुन्हा चालू करण्याचा सल्लाही दिला होता. सुदैवाने तिने तसे केले नव्हते. ते का बरे झाले, हे पुढे येईलच. रविवारी तिच्याकडे जाऊन तो फोन पाहिला, तेव्हा लक्षात आले की फोनचे काहीच बिघडलेले नाही. आईनेच त्याला एक खरे उत्तर दिले होते आणि सगळा घोटाळा त्या खऱ्या उत्तरातून सुरू झाला होता.

हे समजण्यासाठी फोन चेहरे कसे लावतो, ते आधी पाहावे लागते. फोन कोणालाही “ओळखत” नाही. फोटोत चेहरा कुठे आहे, ते तो शोधतो, तेवढाच भाग कापून सरळ करतो आणि त्या चेहऱ्यापासून आकड्यांची एक यादी तयार करतो. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या फेसनेट या पद्धतीत ही यादी १२८ आकड्यांची होती. एकाच माणसाच्या दोन फोटोंच्या याद्या एकमेकींच्या जवळ याव्यात आणि वेगळ्या माणसांच्या दूर जाव्यात, असे शिक्षण त्या यंत्रणेला असंख्य फोटो दाखवून दिलेले असते. त्यानंतर उरते ते फक्त अंतर मोजणे. दोन याद्यांमधले अंतर ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी असेल, तर ते चेहरे एका ढिगात पडतात, आणि तुम्ही त्या ढिगाला नाव देता. नाव, नाते, वय, कोण कोणाची बहीण, यांपैकी काहीही त्या आकड्यांत नसते.

आईला हे सांगताना मी चाळणीचे उदाहरण घेतले. चाळणीची भोके मोठी ठेवली, तर पिठाबरोबर कोंडाही खाली येतो, आणि बारीक ठेवली, तर थोडे चांगले पीठही वर राहते. अंतराची मर्यादा सैल ठेवली, तर दोन माणसे एका नावाखाली येतात. ती घट्ट केली, तर एकाच माणसाचे तीन-चार ढीग होतात: चष्मा घातलेली माई वेगळी, चष्म्याविना वेगळी, लग्नातली वेगळी. दोन्ही चुका एकदम टाळणारे भोक कोणत्याही चाळणीला नसते. म्हणूनच गॅलरी अधूनमधून “ही एकच व्यक्ती आहे का?” असे विचारते, कारण जिथे अंतर मर्यादेच्या आसपास असते, तिथला निर्णय ती तुमच्यावर सोपवते.

आता माईच्या नावाखालच्या फोटोंकडे वळू. तिथे एकूण १८६ फोटो होते. त्यांपैकी २३ माझ्या मुलीचे होते, आणि ते सगळेच्या सगळे गेल्या दीड वर्षातले, म्हणजे ती साडेसात ते नऊ वर्षांची असतानाचे होते. ती तान्ही असतानाचा एकही फोटो त्यांत नव्हता. चुकून आलेले फोटो असे एकाच माणसाचे आणि एकाच वयातले असतील, तर कुठेतरी एक पूल बांधला गेला आहे, असे समजावे. याउलट चुकलेल्या फोटोंत पाच निरनिराळी माणसे असतील आणि सगळे चेहरे लांबचे, अंधारातले किंवा पुसट असतील, तर दोष पुलाचा नसतो, फोटोंचा असतो.

तो पूल शोधायला फार वेळ लागला नाही. आईने जुन्या अल्बममधला कृष्णधवल फोटो मोबाइलने टिपून ठेवला होता, त्यात माई नऊ-दहा वर्षांची आहे, दोन वेण्या आणि वर रिबिनी. गॅलरीने एके दिवशी तो चेहरा आणि आजची माई शेजारी ठेवून विचारले, ही एकच व्यक्ती आहे का? आईने अर्थातच “होय” म्हटले. उत्तर शंभर टक्के खरे होते. पण त्यामुळे माईच्या ढिगात एक लहान मुलीचा चेहरा शिरला, तोही अल्बमवरून टिपलेला, म्हणून थोडा धूसर. लहान मुलांचे चेहरे मुळातच एकमेकांशी जास्त मिळतेजुळते असतात, त्यात या तर मावशीआजी आणि नात. माझ्या मुलीच्या गॅदरिंगच्या फोटोतला, मंचावरच्या अंधूक उजेडातला चेहरा आजच्या माईपासून खूप दूर होता, पण त्या नऊ वर्षांच्या माईच्या जवळ होता. एक फोटो आला, मग त्या फोटोच्या जवळचा दुसरा, आणि त्या दुसऱ्याच्या जवळचा तिसरा. अ ब सारखा आहे, ब क सारखा आहे, म्हणून अ आणि क एका ओळीत, अशी ही साखळी असते. साखळीच्या दोन टोकांवरची माणसे एकमेकांसारखी असण्याची गरज उरत नाही.

आईचा अंदाज वेगळा होता. दोघींच्या वेण्या आणि रिबिनी सारख्या आहेत, म्हणून फोन फसला, असे तिला वाटत होते. या पद्धतीत मुख्यतः कपाळापासून हनुवटीपर्यंतचा भाग मोजला जातो, त्यामुळे वेण्यांवर दोष टाकता येत नाही. मात्र केस आणि कपडे कधीच पाहिले जात नाहीत, असेही नाही. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या पद्धतीचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यानुसार आयफोन चेहऱ्याबरोबर शरीराच्या वरच्या भागाचाही आधार घेतो, पण तो एकाच प्रसंगाच्या फोटोंपुरता, कारण दुसऱ्या दिवशी माणूस कपडे बदलतो. लग्नकार्यात मात्र अडचण वेगळ्याच बाजूने येते. मुंडावळ्यांनी कपाळ आणि गालांच्या कडा झाकल्या जातात, हळदीने रंग बदलतो, आणि मोजण्यासारखे जे काही आहे तेच कमी होते. व्हॉट्सॲपवरून पुढे ढकलत आलेल्या फोटोंचेही तसेच असते: समूहात उभा असलेला माणूस त्यात बोटाच्या पेरापेक्षाही लहान उरतो.

उपाय करताना आम्ही घाई केली नाही. आधी त्या २३ फोटोंना माईच्या नावापासून वेगळे केले. गूगल फोटोज वापरणाऱ्यांनी त्या व्यक्तीचे पान उघडावे, वरच्या तीन ठिपक्यांत Remove results निवडावे आणि चुकलेले फोटो खुणा करून काढावेत. यात आईच्या मनात एक भीती होती, आणि ती रास्त होती: फोटो जाईल का? तो जात नाही, फक्त त्या नावाखालून निघतो. मात्र कचरापेटीचे चित्र असलेले बटण वेगळे आहे. ते दाबले, तर फोटोच कचरापेटीत जातो. बॅकअप घेतलेला फोटो तिथे ६० दिवस आणि बॅकअप नसलेला ३० दिवस राहतो. चुकून दाबले गेले, तर त्या मुदतीत तो परत आणता येतो. दुसऱ्या कंपनीच्या गॅलरीत ही बटणे वेगळ्या नावांनी आणि वेगळ्या जागी असतात, पण “नावाखालून काढा” आणि “फोटो काढून टाका” यांतला फरक सगळीकडे सारखाच असतो.

त्यानंतर अल्बममधला तो कृष्णधवल फोटोही आम्ही माईच्या नावाखालून काढला. आईला हे पटायला वेळ लागला, कारण तो फोटो माईचाच आहे. पण पूल तोच होता. तो तसाच राहिला असता, तर नव्याने येणारे फोटो पुन्हा त्याच्याशी जुळवले गेले असते. त्यासाठी “माई लहानपणी” असे वेगळे नाव ठेवले. एका माणसाला दोन नावे देणे विचित्र वाटते खरे, पण लहानपण आणि म्हातारपण यांच्यामध्ये पन्नास वर्षांचे फोटोच नसतील, तर फोनच्या लेखी ती दोन माणसेच असतात. ज्या घरात दर वर्षीचे फोटो आहेत, तिथे मुलाचा चेहरा टप्प्याटप्प्याने बदलत जातो आणि ही अडचण बहुधा येत नाही.

दुसरी चूक आमच्याच घरात होता होता राहिली, आणि ती मराठी घरांत फार सहज होते. माझ्या मुलीने आजोळच्या आजीच्या ढिगाला “आजी” असे नाव दिले आणि माझ्या आईच्या ढिगालाही “आजी”च टाइप करायला घेतले. तेच नाव आधी असेल, तर ॲप हे दोन ढीग एकत्र करायचे का, असे विचारते. तिथे “होय” म्हटले की दोन घरच्या आज्या एक होतात, आणि मग एकेक फोटो वेगळा करत बसावे लागते. काका, मावशी, आत्या, ताई, दादा ही सगळी नावे अशीच धोक्याची आहेत. “पुण्याची आजी”, “नाशिकची आजी” असे काहीतरी लिहावे. नाव इतरांना दाखवायचे नसते, ते आपल्याच शोधासाठी असते.

शेजारच्या मुलाच्या सल्ल्याचे म्हणाल, तर चेहऱ्यांचे गट करण्याची सोय बंद केली की गूगल फोटोजमधले गट, त्यांसाठी बनवलेले आकडे आणि तुम्ही दिलेली सगळी नावे पुसली जातात. फोटो तसेच राहतात. आईने तीन वर्षांत तिथे साठ-सत्तर नावे लावली होती. शिवाय सोय पुन्हा चालू केली, तरी तेच फोटो त्याच पद्धतीने मोजले जाणार आणि तोच प्रश्न पुन्हा समोर येणार.

एवढे करूनही काही फोटो जागेवर बसत नाहीत. हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्या भावंडांचे तर बऱ्याचदा चुकते, तिथे हाताने दुरुस्ती करण्याला पर्याय नाही. आईच्या गॅलरीत असा एक फोटो शिल्लक आहे. कॉलेजच्या दारात साडी नेसलेली एक मुलगी उन्हामुळे डोळे बारीक करून उभी आहे. आई म्हणते, ती मी. माईला फोटो पाठवला, तर तिने पाच मिनिटांत उलट फोन करून सांगितले की ती साडी तिची होती. गॅलरीने विचारले, तेव्हा आईने तिसरे बटण दाबले, “खात्री नाही”, आणि तो फोटो कोणाच्याच नावाखाली गेलेला नाही.