संध्याकाळी बाळ तासन्‌तास रडतंय? आधी मोजे काढा

पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, ढेकर निघालाय, तरी बाळ टाहो फोडतंय. घरात कुणी ग्राइप वॉटर शोधतं, कुणी बेंबीवर हिंग लावतं. लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून इतकी वर्षं काढल्यावर सांगते, ‘पोटात गॅस झालाय’ हे अनुमान सगळ्यात शेवटी काढायचं.

आधी दिवा लावा आणि बाळाला पूर्ण उघडं करा. टोपी, मोजे, हातमोजे, सगळं. मग हातापायाचं एकेक बोट वेगळं करून बघा. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात. एखादा केस मोज्यात जाऊन बोटाला गुंडाळतो आणि आवळत राहतो. केस सहसा दिसतच नाही, तो कातडीत रुततो. दिसतं ते सुजलेलं, लालजांभळं बोट आणि त्याच्या मुळाशी बारीक खाच. आमच्याकडे आलेलं एक दोन महिन्यांचं बाळ रोज सातला रडायचं, त्या दिवशी चारपासूनच रडत होतं आणि दूधही घेत नव्हतं. घरचे म्हणाले, रोजचंच आहे. डावा मोजा काढला, तर तिसरं बोट जांभळं! असं बोट दिसलं, तर घरी कात्रीने खटपट करू नका, थेट दवाखाना गाठा. जांघेत कडक, आत न जाणारा फुगवटा किंवा सुजलेला वृषण दिसला तरी तसंच.

उलटी बघा. हिरवी असेल तर आतडं पिळलेलं असू शकतं. सकाळची वाट बघायची नाही. दर दुधानंतर जोरात पिचकारी उडत असेल तर त्याच दिवशी दाखवा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला काखेत 99.5 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, शांत असतानाही फुगलेली टाळू, शौचात रक्त, मरगळ, कमी झालेली लघवी, यांतलं काहीही असेल तरी लगेच निघा.

यातलं काही नसेल, तर घड्याळ बघा. कॉलिकचं, म्हणजे निरोगी बाळाचं कारण न सापडणारं, बहुधा संध्याकाळचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. बाकी दिवसभर बाळ मजेत असतं, वजनही वाढतं. रिफ्लक्सचा, म्हणजे पोटातलं दूध वर येण्याचा त्रास मात्र संध्याकाळ पाळत नाही, तो दुधाशी जोडलेला असतो. पिताना पाठ कमानीसारखी ताणणं, छाती सोडून रडणं, वजन अडणं, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. नुसतं दूध टाकणाऱ्या हसऱ्या बाळाला आम्ल कमी करणारं औषध देऊ नका, आणि रडणंही त्याने थांबत नाही.

कॉलिकला खांद्यावर घ्या, दुपट्यात सैल गुंडाळा, मंद झुलवा. मध, गुटी नको. तुमचाच तोल जायला लागला तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवा आणि दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. गदागदा हलवलेल्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.