रजिस्टर टाकूनही क्लॉक पिरियड अर्धा का होत नाही? पाइपलाइन करताना या चुका टाळा

पुण्यात अभियांत्रिकीच्या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षेत पाइपलाइनची आकृती बहुतेकांची बरोबर असते. आकडेमोड मात्र चुकते. `a*b + c` काढून उत्तर ठरावीक मर्यादेत बसवणारे एक सर्किट घेऊ. मल्टिप्लायरला 5, अ‍ॅडरला 2.5 आणि मर्यादा घालणाऱ्या भागाला 1.5 नॅनोसेकंद लागतात. रजिस्टरचा विलंब आणि सेटअप मिळून 0.3 धरू. इनपुट व आउटपुट दोन्हीकडे रजिस्टर असल्यास क्लॉक पिरियड 9.3 आणि लेटन्सीही 9.3 नॅनोसेकंद येते.

मल्टिप्लायरनंतर रजिस्टर टाकले की 9.3 ला दोनाने भागून 4.65 लिहिणे ही पहिली चूक होय. पिरियड सर्वांत संथ टप्पा ठरवतो, म्हणून तो 5 + 0.3, म्हणजे 5.3 होतो. लेटन्सी दोन पूर्ण क्लॉकची, 10.6 नॅनोसेकंद होते. ती कमी होत नाही, वाढते. फायदा एवढाच, पण तो मोठा आहे, की आता दर 5.3 नॅनोसेकंदांनी एक नवे उत्तर मिळते.

दुसरी चूक याहून घातक आहे, कारण टाइमिंग रिपोर्टमध्ये ती दिसत नाही. गुणाकाराच्या वाटेवर रजिस्टर टाकले जाते आणि `c` ची तार तशीच राहते. मग (3, 4, 5) आणि त्यामागून (2, 5, 20) दिल्यास 17 आणि 30 यायला हवेत, पण पहिले उत्तर 32 येते, कारण पहिल्या गुणाकाराच्या 12 मध्ये दुसऱ्या संचातले 20 मिळवले जातात. `c` स्थिर ठेवून चाचणी घेतली तर सर्व काही बरोबर वाटते. म्हणून सिम्युलेशनमध्ये तो दर क्लॉकला बदलावा. आकृतीवर आडवी रेघ ओढून ती छेदणाऱ्या प्रत्येक तारेवर रजिस्टर टाकावे, आणि त्या सर्व तारा रेघेला एकाच दिशेने ओलांडतात याची खात्री करावी.

```verilog
always @(posedge clk) begin
  p  <= a * b;
  c1 <= c;
  y  <= clamp(p + c1);
end
```

एवढ्यावर न थांबता अ‍ॅडरनंतर तिसरा टप्पा केला, तर मल्टिप्लायर 5 नॅनोसेकंदांचाच असल्याने पिरियड 5.3 च राहतो आणि लेटन्सी मात्र 15.9 वर जाते. कापायला हवा तो मल्टिप्लायर. तो आतून 2.5 आणि 2.5 असा विभागता आला, तर उरलेला 4 चा टप्पा सर्वांत संथ ठरतो, पिरियड 4.3 आणि तीन क्लॉकची लेटन्सी 12.9 होते. मघाशी निरुपयोगी ठरलेले अ‍ॅडरनंतरचे रजिस्टर आता टाकले, तर चार टप्प्यांत पिरियड 2.8 येतो आणि लेटन्सी 11.2, म्हणजे तीन टप्प्यांपेक्षाही कमी, कारण टप्पे समतोल झाल्याने वाया जाणारा वेळ घटतो. मात्र मल्टिप्लायरमध्ये नवी रेघ आली की `c` तिलाही छेदतो, तेव्हा `c1` नंतर `c2` हे आणखी एक रजिस्टर टाकून बेरीज `p + c2` अशी करावी लागते.