३×३ मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू काढताना या चुका टाळा

एकदा एक मुलगा दोन पानं भरून घेऊन आला. म्हणाला, "सर, गणितच चुकीचं छापलंय. आयगेन व्हॅल्यू पूर्णांक येतील असं लिहिलंय, पण एकही आकडा बसत नाही." मॅट्रिक्स ही होती:

```
4  1  -1
2  5  -2
1  1   2
```

त्याचं समीकरण होतं λ³ − 11λ² + 37λ − 45 = 0. त्यात 1, 3, 5, 9, 15, 45 असे 45 चे सगळे विभाजक घालून झाले होते. मी म्हटलं, "मधला 37 कुठून आणलास?"

मधला सहगुणक म्हणजे कर्णावरच्या तीन 2×2 मायनरांची बेरीज. पहिली 4·5 − 1·2 = 18 आणि शेवटची 5·2 − (−2)·1 = 12, या दोन्ही त्याच्या बरोबर होत्या. कोपऱ्यांची मात्र त्याने 8 − 1 = 7 केली. खरं तर ती 4·2 − (−1)·1 = 9. म्हणजे 37 नव्हे, 39. ट्रेस 11 आणि डिटर्मिनंट 45 दोन्ही बरोबर होते, म्हणून त्याला शंकाच आली नाही. "तोंडी केलं, सर!" तोंडी करणाऱ्यांचं हे नेहमीचंच. ऋण संख्येला कंस घाला, पेनाची शाई संपत नाही.

मी स्वतः मुळं शोधायच्या आधी λ = 1 घालून बघतो. समीकरणात 1 − 11 + 39 − 45 = −16 येतं. मग कर्णावरच्या प्रत्येक आकड्यातून 1 वजा करून थेट डिटर्मिनंट काढायचा:

3(4+2) − 1(2+2) − 1(2−4) = 16

|A − I| मध्ये λ³ ऋण असतो, म्हणून चिन्ह उलटं आणि आकडा तोच यायला हवा. 37 घेतला असता तर −18 आलं असतं आणि चूक तिथेच सापडली असती. एका मिनिटाचं काम, पण घाई असते ना!

दुसरी चूक म्हणजे 3 आणि 5 सापडल्यावर तिसरं मूळ 1, 9, 15 मध्ये शोधत बसणं. 3 सापडताच संश्लेषक भागाकार करा: 1, −8, 15 आणि बाकी 0. उरलं λ² − 8λ + 15, म्हणजे (λ − 3)(λ − 5). तिसरं मूळ पुन्हा 3 च आहे. मूळ दोनदा येऊ शकतं हे कुणाच्या लक्षातच येत नाही. पडताळा बघा: 3 + 3 + 5 = 11, ट्रेसइतकाच.

ऋण विभाजक इथे तपासूच नका. λ ऋण घातला की चारही पदं ऋण होतात, बेरीज शून्य कुठून येणार?

आणि "आधी रो ऑपरेशन करून मॅट्रिक्स सोपी करून घेतली" असं कुणी म्हणालं की मी वही बंद करतो. त्या आयगेन व्हॅल्यू दुसऱ्याच मॅट्रिक्सच्या असतात.