कळसूबाईच्या थंडीत कपड्यांचे थर: माझा अनुभव

डिसेंबरात बारी गावातून पहाटे कळसूबाई चढताना माझं नेहमी एकच व्हायचं: शिड्यांपर्यंत घामाने निथळायचं आणि १६४६ मीटरच्या माथ्यावर वारा लागला की दात वाजायचे. स्वेटर जाड घेऊनही फरक पडेना. कारण थंडी आतून लागत होती, भिजलेल्या सुती बनियनमुळे. सुती कापड घाम धरून ठेवतं, लवकर वाळत नाही, आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं.

आता अंगालगत पॉलिएस्टरचा ड्रायफिट टी-शर्ट असतो, तोही जरा घट्टच. सैल असला तर घाम टिपत नाही. त्यावर चढताना बहुतेक वेळा काहीच नाही. निघताना थोडी हुडहुडी भरली पाहिजे, दहा-पंधरा मिनिटांत अंग तापतंच. फ्लीसचं मऊ, ऊबदार जॅकेट सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवतो आणि थांबलो की लगेच, अंग गरम असतानाच चढवतो. माथ्यावर त्यावर विंडचीटर, कारण फ्लीसमधून वारा आरपार जातो.

विंडचीटर घालून चढायचं मात्र टाळा. बाही आतून हाताला ओलसर लागली की समजा, घाम कोंडतोय. चेन उघडा किंवा काढून ठेवा. प्लास्टिकचा रेनकोट तर यात फारच वाईट. प्लास्टिक पिशवीत एक कोरडा टी-शर्ट असतोच, माथ्यावर पोचताच बदलायला. (लाजू नका, अंधारच असतो.)

सह्याद्रीच्या हिवाळ्याला एवढं पुरतं. हिमालयातल्या बर्फात मात्र आत थर्मल आणि मुक्कामासाठी पिसं भरलेलं डाउन जॅकेट लागतंच.